ब्लूटूथ स्पीकरची पाठ फुगली तर: वाजतोय म्हणून वापरत राहू नका

टेबलावर ठेवलेला माझा छोटा स्पीकर एका सकाळी डुगडुगायला लागला. टेबल समतल नसेल म्हणून जागा बदलली, तिथेही तेच. उलटा करून पाहिला तर पाठीचं प्लास्टिकचं झाकण मधोमध वर आलेलं दिसलं. चार रबरी पायांपैकी दोनच टेबलाला टेकत होते, आणि चार्जिंगच्या खाचेजवळच्या जोडात नख शिरेल एवढी फट पडली होती. चालू केला तर फोनशी लगेच जोडला गेला, आवाजही पहिल्यासारखाच स्वच्छ आला.

अशा वेळी हात आपोआप झाकण दाबायला जातो. माझाही गेला होता, अंगठा झाकणावर टेकलाही होता. नेमकं तेच करायचं नसतं. आत लिथियम बॅटरीचा फुगलेला सेल आहे आणि झाकण त्याच्या दाबाने उचललं गेलंय. आवाज नीट येतोय यावरून त्या सेलची तब्येत अजिबात कळत नाही. स्पीकरमधल्या अॅम्प्लिफायरला ठरावीक व्होल्टेज मिळालं की त्याचं काम भागतं, आणि फुगलेला सेलही बराच काळ ते व्होल्टेज देत राहतो. म्हणून बिघाड कानाला कळण्याच्या कितीतरी आधी डोळ्यांना दिसतो.

आधी खात्री करा: सेलच फुगलाय का?

पाठीला काही उंचवटा दिसला की तो बॅटरीचाच असेल असं नाही. बऱ्याच स्पीकरना मागे किंवा दोन्ही टोकांना पॅसिव्ह रेडिएटर असतो. ही लवचिक रबराच्या कडेत बसवलेली गोल किंवा लांबट चकती असते आणि बेसबरोबर ती आत-बाहेर हलते. पाण्यापासून सुरक्षित असे बंदिस्त स्पीकर उंच डोंगरावर नेले किंवा उन्हात तापले की आतल्या हवेच्या दाबाने ही चकती बाहेर येते. खाली उतरल्यावर किंवा थंड झाल्यावर ती आपोआप जागेवर बसते. तो दोष नाही.

सेल फुगतो तेव्हा कडक प्लास्टिक वाकतं. जोड उघडायला लागतो, स्क्रूच्या भोवतीचं प्लास्टिक ताणून पांढुरकं पडतं, चार्जिंगची खाच तिरकी दिसते आणि वायर नीट बसत नाही. पाठीवर स्टीलऐवजी प्लास्टिकची मोजपट्टी उभ्या कडेवर ठेवून बघा. सपाट पाठीवर पट्टी दोन्ही टोकांना टेकते. फुगलेल्या पाठीवर ती मधल्या उंचवट्यावर सी-सॉसारखी डोलते. माझ्या स्पीकरवर एक टोक टेकवलं की दुसऱ्या टोकाखाली साधारण 5 मिलिमीटर अंतर राहत होतं. काही स्पीकरची पाठ मुळातच गोलसर असते, तिथे पट्टीचा उपयोग नाही. मग चारही पाय टेकतात का आणि जोडाची रेषा सगळीकडे सारखी आहे का, हे पाहा.

अजून एक मर्यादा लक्षात ठेवा. मोठ्या स्पीकरमध्ये बऱ्याचदा बोटाएवढे गोल, पत्र्याच्या नळीतले सेल असतात. ते असे फुगत नाहीत. त्यांच्या टोकाला दाब सोडायची सोय असते, त्यामुळे ते बिघडले तरी बाहेरून पाठ सपाटच राहू शकते. फुगणारा सेल म्हणजे पाउच सेल, चपट्या पाकिटातला. पाठ सपाट आहे पण स्पीकर बंद असतानाही कोमट लागतोय किंवा आतून गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येतोय, तर पुढचं सगळं त्यालाही लागू धरा.

पाकिटात काय होतं

पाउच सेल म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला दोन्हीकडून प्लास्टिक चिकटवून केलेलं बंद पाकीट. आत तांब्याची आणि अॅल्युमिनियमची लेप दिलेली पातळ पानं एकावर एक रचलेली किंवा गुंडाळलेली असतात. त्यांच्या मध्ये विभाजक नावाचा प्लास्टिकचा सच्छिद्र पापुद्रा असतो. याची जाडी 20 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी. सेलमधली धन आणि ऋण बाजू एकमेकींना भिडू न देण्याचं काम हा एवढासा पापुद्रा करतो. सगळं एका द्रवात भिजलेलं असतं आणि तो द्रव पेट घेणारा असतो.

सेल म्हातारा झाला, सतत तापला किंवा सतत पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहिला की हा द्रव हळूहळू विघटित होतो आणि त्याचा वायू तयार होतो. त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, तसाच कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन आणि इथिलीनसारखे जळणारे वायूही असतात. पाकीट बंद असल्यामुळे वायूला जायला वाट नसते, म्हणून ते टम्म फुगतं. हा वायू परत द्रव होत नाही. दोन दिवस न वापरता ठेवला म्हणून सेल बसत नाही, आणि कधी थोडा बसल्यासारखा वाटला तर पाकिटाला कुठेतरी चीर पडून वायू बाहेर गेलेला असू शकतो. ते आणखी वाईट.

माझ्या बाबतीत कारण शोधायला फार डोकं लावावं लागलं नाही. स्पीकर वर्षभर चार्जरला लावलेलाच होता, आणि खिडकीत. दुपारचं ऊन थेट त्याच्यावर यायचं. भरलेला सेल आणि उष्णता हे दोन्ही एकत्र आले की विघटन वेगाने होतं. याच्या उलट टोकालाही धोका असतो. पूर्ण उतरलेला स्पीकर महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिला तर सेलमधलं तांबं द्रवात विरघळायला लागतं. पुढे चार्ज करताना ते नको तिथे साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची शक्यता वाढते.

वापर का थांबवायचा

सेलला जोडलेला संरक्षण-बोर्ड आहे ना, मग काळजी कशाला, असं नवख्यांना वाटतं. त्या बोर्डाचं काम मर्यादित असतं. व्होल्टेज फार वर किंवा फार खाली गेलं, बाहेर शॉर्ट झालं, तर तो वीज तोडतो. पाकिटातला वायू त्याला दिसत नाही. सेल डोळ्यांदेखत फुगत असताना बोर्डाच्या लेखी सगळं ठीक असतं.

वायूमुळे पानं एकमेकांपासून सुटतात. जिथे ती अजून चिकटून आहेत तिथूनच सगळी वीज वाहते, त्यामुळे तेवढा भाग जास्त तापतो. चार्ज करताना अशा ठिकाणी लिथियम धातूच्या रूपात साचू शकतो, त्याला सुईसारखे फाटे फुटतात आणि विभाजक भोसकला जाण्याची भीती निर्माण होते. म्हणून चार्जिंग सगळ्यात आधी बंद करायचं. मोठ्या आवाजात वाजवणंही नको, कारण बेसच्या प्रत्येक ठोक्याला सेलमधून एकदम जास्त वीज ओढली जाते आणि डबाही थरथरतो.

स्पीकरच्या आतली रचना पाहिली की ही थरथर का नको ते कळतं. सेल सहसा डबल-साइड टेपने चिकटवलेला असतो. एका बाजूला स्पीकरचं जड लोहचुंबक, दुसऱ्या बाजूला सर्किट बोर्ड. बोर्डाचे कोपरे, डाग दिलेल्या तारांची टोकं, स्क्रूचे खांब हे सगळं अवघ्या काही मिलिमीटरवर असतं. सपाट सेल त्यांच्यापासून लांब राहतो. फुगलेला सेल त्यांच्यावर रेलतो. त्यात तुम्ही बाहेरून अंगठ्याने झाकण दाबलंत तर पाकीट त्याच टोकांवर दाबलं जातं.

आता काय करायचं, क्रमाने

पहिलं, चार्जिंग तोडा. स्पीकर चार्जरला असेल तर भिंतीवरचा स्विच आधी बंद करा, मग वायर काढा. वायर अडकली असेल तर हिसकू नका. चार्जरसकट भिंतीतून काढा आणि वायर स्पीकरला तशीच राहू द्या.

दुसरं, स्पीकर बटणाने बंद करा. फोनवरून ब्लूटूथ तोडणं पुरेसं नाही, कारण स्पीकर जागाच राहतो. बटण झाकणाच्या ताणामुळे घट्ट झालं असेल तर जोर लावू नका. कनेक्शन तोडून तसाच सोडा, बहुतेक स्पीकर काही वेळाने आपणहून बंद होतात.

तिसरं, तापमान तपासा. हाताची मागची बाजू स्पीकरजवळ न्या, न दाबता हलकेच टेकवा. खोलीएवढाच थंड असेल तर घाई नाही, पुढचं शांतपणे करता येईल. वापर बंद असूनही कोमट लागत असेल आणि ऊब वाढत असेल, तर त्याला उचलूच नका. खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि खालच्या ‘धूर येऊ लागला तर’ या भागाकडे जा.

चौथं, जागा बदला. स्पीकर कडांना धरा, पाठीला नाही, आणि आडवा ठेवूनच न्या. मी दाराजवळची सगळ्यात उघडी जागा शोधली आणि नंतर लक्षात आलं की बाहेर पडायची वाटच ती. तिथे ठेवू नका. सिमेंटची किंवा दगडी फरशी, वर छप्पर, ऊन नाही, पाऊस नाही, आजूबाजूला पडदा, कागद, लाकूड, गॅस यापैकी काही नाही, अशी मोकळ्या हवेची जागा उत्तम. मातीच्या रिकाम्या कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात दोन-तीन बोटं कोरडी वाळू पसरून त्यावर स्पीकर, आणि पाठ वरच्या बाजूला. डब्याला झाकण घट्ट लावू नका, कारण वायू सुटला तर बंद डब्यात दाब वाढतो. वाळू ओली नको. मुलं आणि पाळीव प्राणी तिकडे जाणार नाहीत हे बघा.

पहिले काही तास ये-जा करताना लांबूनच नजर टाका. फुगवटा वाढतोय का, वास येतोय का, एवढंच पाहायचं. मी मोजपट्टीने पुन्हा मोजलं नाही. त्यासाठी परत हात लावावा लागला असता, आणि आकडा कळून करायचं तेच होतं.

लोक जे करून बसतात

सेलला टाचणीने भोक पाडून हवा काढायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते, कारण फुगा म्हटलं की तेच आठवतं. पण टाचणी पाकिटातून आरपार पानांमध्ये जाते, धन आणि ऋण बाजू थेट जोडते आणि तिथल्या तिथे भडका उडू शकतो. पाकीट फक्त चिरलं तरी आतला वायू जळणारा असतो, आणि द्रवातलं क्षार हवेतल्या ओलाव्याशी मिळून हायड्रोजन फ्लोराइड तयार करतं. ते डोळ्यांना, त्वचेला आणि श्वासाला घातक असतं.

बॅटरी उतरवून टाकावी म्हणून रात्रभर गाणी लावून ठेवणं हेही ऐकिवात आहे. उतरलेल्या सेलमध्ये ऊर्जा कमी असते हे खरं. पण ती काढण्यासाठी बिघडलेल्या सेलवरच भार टाकावा लागतो, तोही तुम्ही झोपलेले असताना. स्पीकर आहे त्या चार्जवर बंद राहू द्या.

मिठाच्या पाण्यात बुडवू नका. त्यात टर्मिनल गंजतात, हायड्रोजन निघतो आणि सेल पूर्ण उतरला की नाही हे कळायला मार्ग उरत नाही. फ्रिजमध्ये ठेवून वायू आकसेल, पण विभाजकाचं झालेलं नुकसान भरून येणार नाही, शिवाय पाकिटावर ओल धरेल. झाकण चिकटपट्टीने किंवा रबराने आवळणं म्हणजे अंगठ्याने दाबण्याचाच प्रकार, फक्त चोवीस तासांचा.

आणि स्क्रूड्रायव्हर. सेल बदलून टाकू, चार स्क्रूंचं तर काम, असं वाटतं. फुगलेल्या स्पीकरचं झाकण स्प्रिंगसारखं ताणलेलं असतं. शेवटचा स्क्रू सुटताच ते उडतं, हात घसरतो आणि लोखंडी टोक थेट पाकिटावर जातं. त्यातून वाचलात तरी सेल टेपने चिकटलेला असतो, आणि तो उपटताना वाकतो. पहिल्यांदाच स्पीकर उघडणाऱ्याने शिकायला हा स्पीकर निवडू नये.

झाकण आधीच आपणहून निघालं असेल आणि चंदेरी पाकीट दिसत असेल, तर त्याला तसंच राहू द्या. झाकण परत बसवू नका, सेल ओढू नका, तारा कापू नका. दोन्ही तारा एकाच कात्रीत आल्या तर कात्रीच शॉर्ट करते. उघड्यावर आलेल्या स्पीकरजवळ चाव्या, नाणी, सुटे स्क्रू असं काही धातूचं राहू नये एवढं बघा.

धूर येऊ लागला तर

फसफस, टकटक आवाज, पांढरा धूर, गोडसर तिखट वास, किंवा झाकण एकदम वर उचललं जाणं ही पुढच्या क्षणी काय होणार याची खूण. माझ्या स्पीकरवर 2000 मिलिअँपिअर-तास लिहिलं होतं. त्याला अशा सेलच्या सरासरी 3.7 व्होल्टने गुणलं की साधारण 7.4 वॉट-तास होतात. एवढी ऊर्जा जेमतेम अर्ध्या पेल्यापेक्षा कमी पाणी उकळेल इतकीच, म्हणून आकडा क्षुल्लक वाटतो. पण ती काही सेकंदांत सुटते, आणि वर द्रव जळण्याची उष्णता वेगळी. गादीवर किंवा पुस्तकांच्या ढिगावर आग लागायला एवढं भरपूर आहे.

धूर दिसला की पळवायचं स्पीकरला नाही, माणसांना. बाहेर पडा, दार ओढून घ्या, अग्निशमन दलाला फोन करा आणि लिथियम बॅटरी आहे हे आवर्जून सांगा. धुरात श्वास घेऊ नका. स्पीकर आधीच बाहेर वाळूत असेल, सुरक्षित अंतरावरून ओतता येत असेल, तर भरपूर पाणी चालतं. या सेलला पाणी लागलं की स्फोट होतो हा समज चुकीचा आहे. पाण्याने तो थंड होतो आणि थंड करणं हेच खरं काम असतं. घोंगडं टाकून हवा तोडण्याचा उपयोग होत नाही, कारण तापलेल्या सेलमध्येच ऑक्सिजन सुटतो. पावडरच्या अग्निशामकाने ज्वाळा विझली तरी आतली उष्णता राहते, म्हणून तो पुन्हा पेटू शकतो. विझला म्हणून लगेच जवळ जाऊ नका.

गळालेला द्रव हाताला लागला तर वाहत्या पाण्याखाली निदान 15 मिनिटं धुवा. डोळ्यात गेला असेल तर तेवढाच वेळ पाणी मारत राहा आणि थेट डॉक्टरांकडे जा.

सोपवणं

स्पीकर शांत पडलाय म्हणून महिनाभर कुंडीत ठेवू नका. जास्तीत जास्त दोन-चार दिवसांत तो घराबाहेर जायला हवा. घरच्या कचऱ्यात तर मुळीच नको. कचऱ्याच्या गाडीत तो दाबला जातो आणि तिथे पेटतो. स्पीकरवरची फुली मारलेल्या कचरापेटीची खूण हेच सांगते.

आधी फोन करा. मी निर्मात्याच्या सर्व्हिस सेंटरला पहिला प्रश्न विचारला, ‘बॅटरी बदलून मिळेल का?’ तो चुकीचा प्रश्न होता. पलीकडच्या माणसाने सरळ सांगितलं, ‘कुरियरने पाठवा.’ बिघडलेली, फुगलेली लिथियम बॅटरी कुरियरने पाठवायची नसते, आणि विमानातून तर तिला बंदीच आहे, सामानातही आणि हातातल्या पिशवीतही. म्हणून मी दुसरा फोन ई-कचरा घेणाऱ्या केंद्राला केला आणि नेमके शब्द वापरले: ‘सेल फुगलाय, स्पीकरच्या आतच आहे, काढलेला नाही. तुम्ही घेता का, आणि आणायचा कसा?’ बॅटऱ्या टाकायच्या साध्या पेट्यांमध्ये फुगलेला सेल टाकू नये, तो माणसाच्या हाती द्यावा लागतो. त्यांनी वेळ दिली.

नेताना स्पीकर वाळूसकट पत्र्याच्या डब्यात ठेवला, झाकण नुसतं वर टेकवलं. गाडीत पायाशी, काचा खाली, आणि वाटेत दुसरं कुठलंही काम नाही. उन्हात लावलेल्या बंद गाडीत तो दहा मिनिटंही सोडायचा नव्हता. डब्यावर कागद चिकटवला होता, म्हणजे माझ्यानंतर ज्याच्या हातात तो जाईल त्याला विचारावं लागणार नाही: ‘ब्लूटूथ स्पीकर. आत फुगलेला लिथियम पाउच सेल, 7.4 वॉट-तास, चार्ज किती ते माहीत नाही. तीन दिवसांपासून बंद. पाठ दाबू नका.’